प्रश्न त्यांचा, शब्द आपले

माधुरी घुडेला कोणी हट्टी म्हटलं की तिला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर ती हट्टीच होती. किन्हवलीच्या पुढच्या एका वाडीतली पोर. बाप ती दहावीत असताना गेला. आईनं, हिराबाईनं, भातशेती आणि वालाच्या जिवावर दोन मुली वाढवल्या. थोरली सोनाली मुरबाडकडे दिली. धाकटी माधुरी नर्सिंग शिकली आणि शहापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात लागली. सात वर्षं झाली त्याला. सकाळची एसटी, आठ तासांची ड्युटी, संध्याकाळची एसटी. हाताला यश असलेली बाई. लहान पोराच्या मनगटात एका फटक्यात सुई लावायची. म्हाताऱ्यांवर तिचा विशेष जीव.

एकोणतिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात इंग्लंड शिरलं. तिच्याबरोबर शिकलेली एक मुलगी तिकडे गेली होती, तिच्याकडून कळलं. म्हाताऱ्या माणसांसाठीच्या एका केअर होममध्ये नर्सची तीन वर्षांच्या कराराची जागा होती. ऑनलाइन मुलाखत झाली, त्या लोकांना माधुरी पसंतही पडली. मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाले. फक्त इंग्रजीची परीक्षा पास व्हा. ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं, असे चार भाग. तीन भागांत माधुरीला हवे तेवढे गुण पहिल्याच झटक्यात मिळाले. लिहिण्यात हवे होते साडेसहा. मिळाले सहा.

ऑगस्टात सहा. डिसेंबरात पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा सहा. अर्ध्या गुणासाठी माणूस अडकून पडतं म्हणजे काय, ते तिलाच माहीत. आणि मार्च तर उंबऱ्यावर आलेला. तिसऱ्यांदा बसायची तारीख मिळाली ती मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. यातही अर्धा गुण गेला तर जागा गेली.

शेवटी ती चंद्रकलाबाईंकडे गेली. चंद्रकलाबाई किन्हवलीला हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. जिभेला धार, पण मनात काही नाही. त्यांनी ही परीक्षा कधी दिलेली नव्हती, पण दोन-तीन पोरांना शिकवून त्यांना त्यातली गोम कळलेली होती. ओटीवर पाट टाकून त्यांनी माधुरीला बसवलं आणि म्हणाल्या, "ऑगस्टातला निबंध आठवतोय? सुरुवात लिहून दाखव. फक्त सुरुवात."

प्रश्न माधुरीला पाठ होता. असा प्रश्न कोण विसरतं? पुष्कळ देशांत तरुण माणसं नोकरीसाठी खेड्यातून शहरात जात आहेत. यानं कोणत्या अडचणी येतात आणि त्यावर उपाय काय, असा तो होता. माधुरीनं तेव्हा लिहिलेली सुरुवात इंग्रजीत उतरवली. बाईंनी ती वाचून मराठीत मोठ्यानं सांगितली, "आजच्या जगात सगळी तरुण मंडळी प्राचीन खेडी ओस पाडून शहरांकडे पळत आहेत." मग चष्मा काढला.

"हे तुला कोणी विचारलं होतं गो?"

"तेच तर विचारलं होतं बाई. शब्द बदलून लिहिलं. परीक्षेच्या व्हिडिओत सांगतात, प्रश्नातला एकही शब्द ठेवायचा नाय."

"व्हिडिओवाल्याचं काय जातंय सांगायला! पुष्कळ देशांत म्हटलं होतं, तू आख्खं जग घेतलंस. तरुण माणसं म्हटलं होतं, तू सगळी तरुण मंडळी केलीस. नोकरीसाठी हे तर गाळूनच टाकलंस. जात आहेत म्हटलं होतं, तू पळवलीस. ओस पाडून कुणी म्हटलं? आणि खेडी प्राचीन कशी गो झाली? एन्शंट म्हणायला तुझी वाडी म्हणजे काय देऊळ आहे?"

माधुरीला हसू फुटलं आणि लाजही वाटली. डिसेंबरचं तर बोलायची सोयच नव्हती. पहिल्या वेळेस काहीतरी चुकलं एवढं कळलेलं, म्हणून दुसऱ्या वेळेस घाबरून तिनं प्रश्नच्या प्रश्न जसाच्या तसा उतरवला होता. सुरुवातीला फक्त 'असं म्हटलं जातं की' जोडलं होतं.

"ते तर परीक्षक धरतच नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांचे शब्द त्यांनाच परत दिलेस. तुला इंग्रजी येतं हे त्यांना त्यातून कुठं कळणार? एकदा प्रश्न मोडून ठेवलास, एकदा उचलून आणलास. आता तिसरं काहीतरी करायला हवं."

तिसरं काय, ते बाईंनी तीन आठवडे घोटून घेतलं. त्यांची रीत साधी होती आणि भयंकर त्रासाची. कागदावर प्रश्न लिहायच्या. दोनदा वाच म्हणायच्या. मग कागदावर हात ठेवायच्या. "मी प्रश्न वाचलेला नाही असं समज. मला सांग, काय विचारलंय?" माधुरीनं मराठीत सांगायचं, शेजारणीला सांगावं तसं. ते सांगून झालं की तेच इंग्रजीत लिहायचं, झाकलेल्या कागदाकडे न बघता. मग बाई हात काढायच्या आणि दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून एकेक गोष्ट बोटानं दाखवायच्या. कोण? किती जण? कुठं? काय करतात? कशाच्या ऐवजी? आणि शेवटी विचारलंय काय, फायदे-तोटे, की कारणं, की तुझं मत? यातलं एकही इकडचं तिकडे झालं तर वाक्य बाद.

"जे नाव बदलता येत नाही ते ठेवायचं," बाई बजावायच्या. "शाळेला शाळाच म्हण. त्यात काही कमीपणा नाही. वाक्य उलटं बांध, कर्ता मागे ने, 'जातात'चं 'जाणं' कर. शब्द हलव. पण माप हलवू नकोस. काहीचं सगळे नाही करायचं. आणि तुझं मत दुसऱ्या वाक्यात. पहिलं वाक्य त्यांचं आहे, तिथं तू बोलायचं नाहीस."

हेच शेवटचं माधुरीला जमेना. बाकी सगळं आलं. कर्ता मागे न्यायला आला, वाक्य उलटायला आलं. पण मत काही बाहेर थांबेना. पोरं मोबाईलवर वेळ घालवतात असा प्रश्न असला की ती लिहायची, वाया घालवतात. बायका नोकरी करतात असा असला की लिहायची, बायकांना नोकरी करावी लागते. बाई कागद पुढं सरकवायच्या. माधुरी म्हणायची, "पण बाई, तसंच असतं ना!"

"असेल. विचारलंय का?"

ही असली उत्तरं ऐकून माधुरी एसटीत धुमसत घरी जायची. अर्ध्या शब्दानं काय फरक पडतो, असं तिला मनातून वाटायचं. ते वाटणं गेलं कशानं, ते आता सांगतो. ते बाईंच्या ओटीवर गेलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वॉर्डात कोंडू नावाचे एक म्हातारे दाखल होते. टोकावड्याच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरचे. दम लागायचा, पायाला सूज. त्यांचा एकुलता मुलगा रविंद्र भिवंडीकडे गोडाउनात कामाला. पहिले दोन दिवस तो आला. दुसऱ्या दिवशी बापलेकांची खाटेजवळच शब्दाशब्दी झाली. पाड्यावर म्हाताऱ्यानं एकट्यानं राहायचं की नाही, याच्यावरून. रविंद्र तणतणत गेला. माधुरीनं ते पाहिलं आणि तिच्या मनानं तिथल्या तिथं निकाल लावून टाकला. म्हाताऱ्याला टाकून पोरगा शहरात राहतोय, वर आवाज चढवतोय. असली पोरं तिनं सात वर्षांत कमी बघितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, कोंडूबाबांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. त्यांच्याकडे फोन नव्हता.

"बाय, माज्या पोराला फोन लाव. त्याला सांग, रोज रोज नको येऊ. कामाचा खाडा पडतो, मंग ते लोक काढून टाकतील. रविवारी सुट्टी असती, तवा ये म्हनावं. मी हाय बरा."

माधुरी तेव्हा सलाईन बदलत होती, पलीकडे दोन पेशंट हाका मारत होते. ऐकलं, हो म्हणाली, आणि कागदावरचा नंबर बघून फोन लावला. "रविंद्र का? हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमचे बाबा म्हणतायत, येऊ नका. बरे आहेत ते."

पलीकडे तो आडोशाला गेला असावा, गोडाउनातला गलका कमी झाला. मग, "येऊ नको म्हनाले?"

"हो. तसंच सांगायला सांगितलंय," माधुरी म्हणाली. आवाजात जरा तोराही होता. कळू दे याला, असं तिला वाटलं होतं. फोन ठेवून ती कामाला लागली.

रविवारी तिची सकाळपाळी होती. वॉर्डात शिरली तर कोंडूबाबा तोंड धुऊन, बाकीच्यांच्या आधी, घरचा पांढरा सदरा घालून उशीला टेकून बसलेले. दरवाज्याकडे तोंड. दहा वाजले, अकरा वाजले. भेटायची वेळ झाली, वॉर्ड माणसांनी भरला. शेजारच्या खाटेजवळ चार माणसं, पलीकडे सहा. एक वाजता माणसं पांगली. जेवणाचं ताट आलं, त्याला त्यांनी हात लावला नाही.

माधुरी गोळ्या घेऊन गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "बाय, सांगितलं व्हतंस ना? रविवारी ये म्हनून?"

गोळ्यांची वाटी हातातच राहिली. रविवारी हा शब्द तिनं सांगितलाच नव्हता. रोज हाही नाही. कामाचा खाडा, तोही नाही. सगळं गाळून तिनं एवढंच ठेवलं होतं, येऊ नका. आणि ते तिनं आपल्या रागाचं मीठ लावून दिलं होतं.

तिनं बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. रविंद्र खोलीवरच होता. सुट्टीच होती त्याची.

"मॅडम, तुमीच बोल्लात ना, येऊ नका म्हनून," तो म्हणाला. आवाज बसलेला. "त्या दिवशी आमचं वाजलं. मला वाटलं बापानं मनात धरलं. मंग कोन्त्या तोंडानं येऊ? चार दिस झाले, मला जेवान गेलेलं नाय."

हे ऐकून माधुरीला रडूच कोसळायचं राहिलं. हा तोच मुलगा, ज्याचा तिनं मनातल्या मनात निकाल लावला होता. पण रडायला वेळ नव्हता. तिनं डोळे मिटले आणि बाईंच्या ओटीवर सांगायची तसं, एकेक गोष्ट मोजून सांगितलं. "चूक माझी झाली. ते असं म्हणाले नव्हते. ते म्हणाले, रोज येऊ नकोस. का, तर कामाचा खाडा पडेल आणि तुला काढून टाकतील. रविवारी सुट्टी असते, तेव्हा ये, असं म्हणाले. रागाचं काही बोलले नाहीत. आज सकाळपासून सदरा घालून बसलेत."

पलीकडे फोन तसाच चालू राहिला आणि मागे दार आपटल्याचा आवाज आला. चार वाजता रविंद्र वॉर्डात होता. भिवंडीवरून शहापूरपर्यंत कसा आला ते त्याचं त्याला माहीत. मुलानं ताटातला थंड भात कालवला आणि बापानं खाल्ला.

माधुरीनं कोंडूबाबांची माफी मागितली. म्हातारा म्हणाला, "आगं, तू काय मुद्दाम केलंस?" ते तिला जास्त लागलं. मुद्दाम नव्हतं केलं, हे खरं. पण तिच्या रागानं मुद्दामच केलं होतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तिनं चंद्रकलाबाईंना सगळं सांगितलं. तिला वाटलं बाई ओरडतील. बाई एवढंच म्हणाल्या, "माणसाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं म्हणजे जोखीम असते बाळा. मी तीस वर्षं पोरांना समानार्थी शब्द शिकवले, हे सांगायचं माझ्याकडूनही राहिलंच." त्या दिवशी त्यांनी लिहायला दिलंच नाही. चहा केला.

परीक्षा ठाण्याला, कॉम्प्युटरवर. लिहिण्यातला पहिला भाग आकृती बघून लिहायचा, तो उरकला. मग दुसरा, निबंधाचा, उघडला. काही देशांत म्हाताऱ्या माणसांची काळजी घरचे घेण्याऐवजी केअर होममध्ये घेतली जाते. याचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का?

देवानं तरी असा सूड का घ्यावा! आई वाडीत एकटी, लेक परक्यांच्या आयाबापांना सांभाळायला निघालेली, आणि पडद्यावर नेमकं हे. तिची बोटं आपोआप चालली. आजकाल मुलं आपल्या आईबापांना केअर होममध्ये टाकून देतात, असं तिनं लिहिलंसुद्धा. मग हात उचलले. तळहातानं पडद्यावरचा प्रश्न झाकला. कोण? म्हातारी माणसं. कुठं? काही देशांत. काय? काळजी घेतली जाते. कशाच्या ऐवजी? घरच्यांच्या ऐवजी. टाकून देतात, असं कुणी म्हटलं? कुणीच नाही. मुलांचं तर नावही प्रश्नात नव्हतं. ते तिनं आपल्या पोटातून काढून तिथं ठेवलं होतं.

तिनं वाक्य पुसलं. खूप जड गेलं ते पुसायला, कारण ते तिला खरं वाटत होतं. नवीन लिहिलं ते मराठीत सांगायचं तर असं, "जगाच्या काही भागांत वयस्क लोकांचा सांभाळ त्यांच्या कुटुंबांकडून न होता केअर होमकडून होतो." 'काही'चं 'काही'च राहिलं. 'काळजी'चा 'सांभाळ' झाला, पण अर्थ हलला नाही. केअर होमला केअर होमच म्हटलं. मग दुसरं वाक्य, स्वतःचं, "माझ्या मते, यातून होणारा लाभ हानीहून अधिक आहे." आणि पुढं वॉर्डात पाहिलेलं सगळं लिहिलं. रात्रंदिवस हाताशी असणारी नर्स, पडलं-झडलं तर उचलणारे हात, आणि तोट्यात एकटेपणा. तो तिनं लपवला नाही.

पाच दिवसांनी निकाल आला. लिहिण्यात साडेसहा.

ती घरी पोचली तेव्हा हिराबाई अंगणात वालाच्या वाळक्या शेंगा सोलत बसली होती. माधुरी शेजारी बसली. म्हणाली, "आये, झाले पास."

"मंजी आता जायाचं."

"हो."

हिराबाईनं चार शेंगा सोलल्या. "काय इचारलं व्हतं गो त्यात, येवडं अवघड?"

माधुरीनं सांगितलं. जसं होतं तसं, काही न गाळता, काही न घालता. काही देशांत म्हाताऱ्यांना घरच्यांच्या ऐवजी एक वेगळी जागा बघते. ते बरं जास्त की वाईट जास्त.

"आनि तू काय लिवलंस?"

"बरं जास्त हाय, असं लिवलं."

आईचे हात थांबले नाहीत. टरफलं एकीकडे, दाणे सुपात. मग मान वर न करता तिनं विचारलं, "मला कोन बघंल?"

माधुरीच्या जिभेवर उत्तरं तयार होती. महिनाभर तीच तर देत होती ती. शेजारी जनाबाई हाय ना. सोनालीताई येऊन जाऊन असेल. मी रोज व्हिडिओ कॉल करीन. तीन वर्षं काय, बघता बघता जातील. एकूण एक खरी उत्तरं. आणि एकही आईनं विचारलेल्याचं नव्हतं. आई विचारत होती ते माधुरीला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

"मी नसेन, आये," ती म्हणाली. "तुला बघायला मी नसेन. तू आजारी पडलीस तरी मला लगेच येता यायचं नाय. तीन वर्षं तरी."

बोलून झालं आणि तिला हुंदका आवरेना. सात वर्षं दुसऱ्यांची माणसं मरताना बघून जी रडली नाही, ती अंगणात पोरीसारखी रडली.

हिराबाईनं सूप बाजूला ठेवलं. पदरानं आधी आपले हात पुसले, मग लेकीचं तोंड.

"कवापासनं इचारते मी ह्ये," ती म्हणाली. "तू आपलं फोनाचं सांगायचीस, जनीचं सांगायचीस. मला वाटायचं, हिला माजं ऐकूच येत नाय. येवडं धडधडीत सांगितलंस, बरं झालं. आता मला म्हायत हाय, कशाला तोंड द्यायचंय." मग म्हणाली, "जा तू. मी बघीन माजं."

"राग आला ना तुला?"

"आला तर. येनारच." हिराबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "पर जा म्हनले, त्यातलं कायबी बदलत नाय."